पश्चिमेच्या खिडकीची गळती आणि पिळलेलं दार: कामाच्या नोंदी

11 एप्रिल

खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीत एक लाकडी खिडकी आहे, 1200 बाय 1350 मिमीची, दोन झडपा, बाहेर उघडणाऱ्या. तिच्या शेजारीच बाहेर जायचं दार. खिडकी जोराच्या पावसात खालच्या डाव्या कोपऱ्यातून गळते आणि दार खालून नीट लागत नाही, दांडा घालून दाबावं लागतं. मागच्या पावसाळ्यात मी दोन्हींवर एकेक दिवस घालवला होता, झडपांच्या बाहेरच्या कडेला स्पंजची चिकटपट्टी लावली, आणि चौकटीच्या खालच्या लाकडात दोन बारीक भोकं होती ती "पाणी इथूनच शिरतं" म्हणून सिलिकॉनने बुजवून टाकली. त्यानंतर गळती वाढली. वाढली म्हणजे आधी फडकं ठेवून भागायचं, नंतर टब ठेवावा लागला.

या वेळी आधी कारण शोधायचं, हात मग लावायचा असं ठरवलंय. पाऊस यायला अजून दीड-दोन महिने आहेत आणि लाकूड आत्ता कोरडं आहे, म्हणजे जोडकामाला हीच वेळ बरी.

12 एप्रिल

पाइपने पाणी मारून बघितलं. याची पद्धत अशी की खालून सुरुवात करायची आणि हळूहळू वर जायचं, कारण वरून मारलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कधीच कळत नाही. प्रत्येक टप्प्यावर 10-15 मिनिटं थांबायचं, घाई करायची नाही, धार पण बारीकच ठेवायची. आई आत बॅटरी घेऊन बसली.

पहिला टप्पा, खिडकीखालची पट आणि चौकट यांचा सांधा. आत कोरडं. दुसरा, चौकट आणि भिंत यांच्यातली डावी फट. बाराव्या मिनिटाला आई ओरडली, "आलं गं, पण थेंबथेंबच येतंय." म्हणजे तिथे गळती आहे पण ती टब भरणारी नव्हे. तिसरा टप्पा झडप आणि चौकट यांच्यामधला, तिथे तर 15 मिनिटं पाणी मारलं, आत एक थेंब नाही.

मग एवढं पाणी येतं कुठून?

13 एप्रिल

उत्तर सुतारकाकांनी दिलं, तेही फोनवर, दोन वाक्यात. "ताई, पाऊस एकटा नाही येत, वारा घेऊन येतो. वाऱ्याशिवाय पाणी मारलं तर खिडकी खोटंच बोलणार."

आता घरात वारा कुठून आणायचा? तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू केला, बाकी सगळ्या खिडक्या-दारं बंद केली, मधली दारं उघडी ठेवली. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो त्यामुळे आतला दाब थोडा कमी होतो, म्हणजे बाहेरून वारा ढकलतोय तसंच झालं. हा दाब खऱ्या वादळाच्या मानाने किरकोळ असतो पण बारीक फटीत अडकलेलं पाणी आत ओढायला पुरतो. (घरात गॅसचा गीझर किंवा जळती शेगडी असेल तर आधी बंद करा, धूर उलटा आत येऊ शकतो.)

परत तिसरा टप्पा. चौथ्या मिनिटाला डाव्या झडपेखालून पाणी बुडबुड करत आत आलं, अक्षरशः बुडबुडे, हवा आणि पाणी एकत्र. म्हणजे तिथून हवा पण आत येतेय. सगळी गोष्ट या बुडबुड्यांत आहे असं काका नंतर म्हणाले आणि दोन दिवस डोकं खाजवल्यावर मलाही पटलं.

15 एप्रिल

स्पंजची पट्टी खरवडून काढली. पिळली तर पाणी आलं, एप्रिलमध्ये! म्हणजे काल-परवाचं पाणी तिने धरून ठेवलेलं. हा स्पंज उघड्या छिद्रांचा, पाणी पिणारा, बाहेरच्या कडेला लावण्यासारखी याहून वाईट वस्तू नसेल.

आता जे समजलं ते लिहून ठेवते. चौकटीच्या खालच्या लाकडाला खाच आहे, झडप बंद झाली की त्या खाचेत बसते आणि आतल्या बाजूच्या उभ्या पायरीला टेकते. पायरीची उंची 12 मिमी. वाऱ्याच्या दाबाचं गणित सोपं आहे, वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करून 0.6 ने गुणायचं, उत्तर पास्कलमध्ये येतं. वादळी झोत ताशी 72 किमीचा धरला तर तो 20 मीटर प्रति सेकंद, म्हणजे 0.6 × 400 = 240 पास्कल. आणि 1 मिमी पाणी उचलायला साधारण 9.8 पास्कल लागतात, म्हणजे हा वारा पाणी जवळपास 24 मिमी वर चढवू शकतो. माझी पायरी 12 ची. पाणी तिच्यावरून निवांत उडी मारून आत.

मग पायरी 24 ची करायची का? करायची गरज नाही, कारण वारा पाणी तेव्हाच ढकलू शकतो जेव्हा हवेला पलीकडे जायला वाट असते. आतली कड हवाबंद असेल आणि बाहेरची फट उघडी असेल तर खाचेतल्या पोकळीत बाहेरचाच दाब भरतो, दोन्हीकडे सारखा दाब, पाण्याला ढकलणारं कुणी उरत नाही, ते आपल्या वजनाने खाली पडतं आणि भोकातून बाहेर जातं. मी बरोब्बर उलटं केलं होतं. बाहेर स्पंज लावला, भोकं बुजवली, आणि आत झडप आणि पायरीमध्ये 2 मिमीची फट तशीच ठेवली. पाणी आत यायला वाट, बाहेर जायला नाही. शाबास.

तर कामाचा नियम हा: हवा आतल्या रेषेवर अडवायची, पाणी बाहेरच्या रेषेवर मोकळं सोडायचं.

18 एप्रिल

दोन्ही झडपा उतरवल्या. चौकटीला टोच्याने टोचत गेले, सगळीकडे टोक 1-2 मिमी जातं आणि थांबतं, डाव्या खालच्या कोपऱ्यात मात्र 15 मिमी सहज गेलं, लोण्यात गेल्यासारखं. बाहेरून रंग चकचकीत, आत भुसा. ओलावा मोजायच्या मीटरवर तिथे 26 टक्के, चौकटीच्या वरच्या भागात 12. लाकूड बराच काळ 20 टक्क्यांच्या वर राहिलं की कुजायला सुरुवात होते, त्यामुळे इथे आश्चर्य काही नाही.

कुजकं सगळं पटाशीने काढलं, घट्ट लाकूड लागेपर्यंत. 120 मिमी लांबीचा तुकडा गेला. आता लगेच भरायचं नाही, ओल्या लाकडावर काहीच धरत नाही, इपॉक्सी पण नाही. उघडं ठेवलंय, दुपारी पंखा लावते.

23 एप्रिल

मीटर 16 वर आला. काकांनी त्याच जातीच्या जुन्या कोरड्या लाकडाचा तुकडा आणला, रेषा चौकटीच्या रेषांच्या दिशेनेच ठेवल्या, आडव्या ठेवल्या असत्या तर नवा-जुना तुकडा वेगवेगळा फुगला असता आणि सांधा उकलला असता. सांध्याचा काप तिरका घेतला आणि उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे कधी सांध्यात पाणी गेलंच तरी ते बाहेर ओघळेल. इपॉक्सी, दोन स्क्रू, शिकंजा लावून रात्रभर.

24 एप्रिल

आज माझी चूक. जरा विस्ताराने लिहिते कारण परत होऊ नये.

चौकट आणि भिंत यांच्यातला जुना सिमेंटचा भराव फुटलेला होता, सुरीचं पातं डावीकडे 20 मिमी आत जायचं. तसं होणारच, लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आटतं आणि सिमेंट हलत नाही, दोघांच्या मध्ये चीर पडते. तर तो सगळा पोकळ भराव काढला, चारी बाजूंना साधारण 10 मिमीची फट मोकळी झाली, आणि काका यायच्या आधी मी हौसेने पीयू फोमचा डबा घेऊन डावी बाजू वरपासून खालपर्यंत गच्च भरली. छान फुगला. संध्याकाळी झडप लावून बघते तर मध्यावर अडकतेय.

दोरी ताणून बघितली, उभं लाकूड मध्यावर 3 मिमी आत आलं होतं. फोम फुगताना दाबतो, आणि या बाजूला चौकट भिंतीत धरून ठेवणारे मधले दोन होल्डफास्ट गंजून सैल झाले होते, त्यामुळे लाकडाला मागे धरून ठेवणारं कुणी नव्हतं. काका आले, बघितलं, काही बोलले नाहीत, चहा मागितला. ते न बोलणंच जास्त लागलं.

25 एप्रिल

फोम सगळा कापून काढला. मग योग्य क्रमाने: आधी चौकट सरळ, मग घट्ट, मग भराव.

ओळंबा सोडून दोन्ही उभी लाकडं तपासली, मग दोन्ही कर्ण मोजले, फरक 4 मिमी होता तो पाचरी ठोकून 1 वर आणला. पाचरी जिथे स्क्रू जाणार तिथेच, दोन्ही बाजूंनी समोरासमोर, नाहीतर स्क्रू आवळताना चौकट भिंतीकडे ओढली जाते आणि परत वाकते. नवे अँकर स्क्रू कोपऱ्यापासून 150 मिमीवर पहिला आणि पुढे 600 पेक्षा जास्त अंतर नाही, एका उभ्या बाजूला तीन. बिजागरीजवळ एक यावा असं बघितलं, कारण वाऱ्यात उघडी झडप आपटते तेव्हा सगळा झटका तिथेच बसतो.

मग चौकटीच्या आत दोन आडवे टेकू लावले, तेव्हा कुठे फोम, तोही कमी फुगणारा, फटीच्या निम्मा, दोन हप्त्यात. फोम पाणी अडवत नाही आणि उन्हात पिवळा पडून भुगा होतो, त्याचं काम फक्त पोकळी भरायचं. पाणी अडवायचं काम सीलंटचं.

27 एप्रिल

सीलंट. फोम बाहेरून खरवडून मागे नेला, फटीत गोल फोमची दोरी (बॅकर रॉड) दाबून बसवली. फट 10 मिमी, दोरी 13 ची, म्हणजे ती दाबून बसते आणि हलत नाही. तिच्यावर सीलंट 5-6 मिमी जाडीचा, रुंदीच्या निम्मा. ही दोरी फक्त सीलंट वाचवायला नाहीये, ती असली की सीलंट फक्त डावीकडे-उजवीकडे चिकटतो, मागे चिकटत नाही, त्यामुळे फट उघड-मीट झाली की तो रबरासारखा ताणला जातो. मागेही चिकटला तर ताणायला जागाच नसते, मधून फाटतो.

हिशोब: 10 × 5 मिमीचा पट्टा, 300 मिलीच्या नळीत साधारण 6 मीटर निघतो, माझ्या चौकटीचा घेर 5.1 मीटर. एक नळी पुरते म्हणायला, दोन आणा. पॉलियुरेथेनचा घेतला कारण वरून रंग मारायचाय, सिलिकॉनवर रंग बसत नाही. भिंतीची कड आधी ब्रशने झाडली, मग प्रायमर.

तरी डावीकडे एका वीतभर जागेत प्रायमर मारायचा राहिला.

4 मे

आठवड्याने ओढून बघितलं. सीलंटची एक छोटी जीभ सुरीने सुटी करून ओढायची, नीट चिकटला असेल तर तो ताणला जाऊन मध्येच तुटतो. बाकी सगळीकडे तसंच झालं, आणि त्या वीतभर जागेत अख्खी पट्टी सालीसारखी भिंतीवरून निघाली, मागे पांढरी धूळ. काढलं, पुसलं, प्रायमर, परत भरलं.

खिडकीखालची पट पण मोजली, तर पाणसळ दाखवते की 150 मिमी रुंदीत 3 मिमी उतार चौकटीकडे! म्हणजे पटीवर पडलेलं पाणी सरळ लाकडाकडे जायचं. गवंड्याकडून वरचा थर बदलून घेतला, बाहेरच्या बाजूला 15 मिमी उतार, 1 ला 10. पट भिंतीच्या 30 मिमी पुढे काढली आणि तिच्या खालच्या अंगाला कडेपासून थोडी आत 10 मिमीची खोबण ठेवायला लावली, नाहीतर थेंब पटीखालून सरकत सरकत परत भिंतीला येतो.

7 मे

खाचेचं काम. चौकटीच्या खालच्या खाचेत तळाला एक पन्हाळी कोरलेली होती, वर्षानुवर्षांच्या रंगाने सपाट झालेली, ती पटाशीने मोकळी केली. सिलिकॉनने बुजवलेली दोन भोकं 4 मिमीचीच होती, एवढ्या बारीक भोकात पाण्याचा थेंब आपल्याच ताणाने अडकून बसतो, म्हणून 8 मिमीची तीन पाडली, बाहेरच्या बाजूला उतरती. भोकांच्या आतल्या लाकडाला रंगाचे दोन हात बारीक ब्रशने, हे विसरलं की पुढची कूज तिथूनच.

मग आतल्या पायरीवर ईपीडीएम रबराची पोकळ पट्टी, चारी बाजूंना अखंड, कोपऱ्यात 45 अंशात कापून चिकटवली. बाहेरच्या कडेला काही नाही, 4 मिमी फट उघडी. घरात सगळे विचारतायत की ही फट दिसतेय ती कधी भरणार. भरणार नाही.

झडपा लावून कागदाची पट्टी मध्ये धरून बंद केली आणि ओढून बघितली. कडीजवळ कागद घट्ट, खालच्या कोपऱ्यात सुळकन निघतो. मध्यावर एकच कडी असल्यामुळे कोपरे सैल राहतात, वाऱ्यात तेच बाहेर ओढले जातात. वर-खाली एकेक कडी बसवली, आता कागद सगळीकडे फाटतो पण निघत नाही.

झडपांच्या खालच्या दांडीवर बाहेरून उतरती पाणपट्टी स्क्रूने मारली, खालून खोबण असलेली, म्हणजे काचेवरून ओघळणारं पाणी फटीच्या पुढे पडेल.

9 मे

दार. उतरवून दोन ठोकळ्यांवर आडवं ठेवलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोऱ्या ताणल्या. दार सपाट असेल तर दोऱ्या मध्यावर नुसत्या टेकतात. माझ्या मध्यावर 5 मिमी अंतर, म्हणजे एक कोपरा त्याच्या दुप्पट, 10 मिमी उचललेला. हा साधा बाक नाही, पीळ आहे, रंधा मारून जात नाही.

कारण उलटं केल्यावर दिसलं. दाराची खालची कड कोरी करकरीत, जन्मापासून रंग लागलेला नाही! लाकूड टोकाकडून पाणी नळीसारखं ओढतं. मीटर खाली 22, वर 13. एक भाग फुगलेला, बाकीचं सुकलेलं, मग ते पिळणारच.

आमच्याकडे एक काकू वजन ठेवायला सांगत होत्या, ओलं दार वजनाखाली सुकवलं की सरळ होतं. थोडं होतंही, पण जबरदस्तीने सरळ केलेलं पुढच्या ओलीत परत मूळपदावर येतं. मी फक्त सावलीत, चार सारख्या पट्ट्यांवर, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल असं ठेवलंय.

25 मे

मीटर खाली 14. दोऱ्यांमधलं अंतर 3, म्हणजे पीळ 10 वरून 6 वर. उरलेला आता लाकडात बसलाय, तो जात नाही.

तो बिजागऱ्यांत वाटला. दार लागताना कुलपाकडचा वरचा कोपरा टेकायचा आणि खालचा 6 मिमी लांब राहायचा. काकांनी वरची बिजागरी चौकटीच्या खाचेपासून 3 मिमी लांब सरकवली आणि खालची 2 मिमी खाचेकडे, मधली त्या रेषेत. दार तिरकं उभं राहिलं पण डोळ्याला अजिबात कळत नाही, कुलपाकडची बाजू मात्र वर-खाली सारखी टेकली. उरलेला 1 मिमी रबराने खाल्ला. जुन्या स्क्रूंच्या भोकात लाकडाच्या खुंट्या गोंदाने ठोकल्या, नाहीतर नवे स्क्रू जुन्याच भोकात घसरतात.

बाजूची फट 3 मिमी ठेवली. काठोकाठ बसवायचा मोह झाला होता पण हे कोरडं लाकूड आहे, पावसाळ्यात ओलावा 5 टक्क्यांच्या आसपास वाढला की रुंदीत दर 100 मिमीला साधारण 1 मिमी फुगतं. दाराच्या दोन उभ्या दांड्या 100-100 च्या, म्हणजे 2 मिमी गेले. मधल्या फळ्या खाचेत मोकळ्या आहेत, त्या आपल्या आपण सरकतात. त्यांना कुणी खिळे मारू नका.

31 मे

रंग. प्रायमर आणि दोन हात, सहाही बाजूंना, वरची-खालची कड आणि बिजागऱ्यांच्या खाचा धरून, टोकांना प्रायमरचे तीन हात. काच पक्की करणाऱ्या लांबीच्या, म्हणजे पुट्टीच्या, थरावरून रंग काचेवर 2 मिमी चढवला, ती रेष वाकडी दिसते पण लांबी आणि काच यांच्यातला सांधा तिनेच बंद होतो.

6 जून

पाइप, एक्झॉस्ट पंखा, आई आणि बॅटरी. सगळे टप्पे, प्रत्येकी 15 मिनिटं. आत कोरडं. बाहेर तीन भोकांतून पाणी टिपटिप येताना दिसलं. आई म्हणाली, "अगं हे तर गळतंय की." आई, ते बाहेर गळतंय.

20 जून

रात्री खरं वादळ, दीड तास, पाऊस आडवा. आत कोरडं, झडपा वाजल्या नाहीत. दाराखालून मात्र थोडी ओल आली, रबराच्या पट्टीतून नाही, उंबऱ्याच्या उजव्या टोकाला जिथे चौकटीचं उभं लाकूड फरशीत पुरलंय तिथून. ते पुरलेलं टोक मी उघडून बघितलेलंच नाही. टोचा आत्ता 4 मिमी जातोय. पाऊस संपल्यावर.

3 जुलै

परत खिडकीत पाणी! अर्धा तास सगळं रबर तपासत बसले, कागद ओढून बघितला, काही नाही. मग बाहेर जाऊन बघते तर तीनपैकी दोन भोकांत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, छान गुळगुळीत लिंपून. पन्हाळी काठोकाठ भरलेली. तार घालून मोकळी केली, भसकन पाणी गेलं. भोकावर जाळी लावायचा विचार आला होता पण बारीक जाळी पाणीच अडवते, म्हणून नको. ती तार खिडकीच्या वरच्या कडीला अडकवून ठेवलीये, दर रविवारी तीन भोकं.